खांबामागे काय होतं?

२०२२च्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेनऊला माझ्या धाकट्या चुलतबहिणीचा फोन आला. "दादा, तू ते फोटो साफ करतोस ना कॉम्प्युटरवर? माझा एक करून दे ना. मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. आजीचा तो एकच चांगला फोटो आहे, आणि त्यात मेला मधे खांब आलाय. आणि त्या खुर्च्या पण काढ, फार घाण दिसतात."

फोटो मला पाठ होता. मे १९९७, सांगलीतलं एक मंगल कार्यालय. स्टेजवर सोफ्यावर आजी बसलेली, नवरा-नवरी तिच्या पाया पडून नुकते उभे राहतायत, आणि आजीचा हात बहिणीच्या डोक्यावर. पाठीमागे निळ्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं, 'शुभविवाह'. आणि या सगळ्याच्या बरोबर मधे, वरपासून खालपर्यंत, एक खांब. लोखंडी पाईपला गुलाबी साटीन गुंडाळलेलं, त्यावर झेंडूची माळ. त्याने आजीचा अर्धा चेहरा खाल्लेला. डाव्या कोपऱ्यात तीन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, वेड्यावाकड्या. आजी १९९९ साली गेली. तिला फोटोची भयंकर नावड होती, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. त्यामुळे हा एकच.

मी होकार दिला. आधीही मी अशी बरीच कामं केली आहेत, घरच्यांसाठी, फुकट (चहा मिळतो). पण हे काम करताना एका प्रश्नाने मला चांगलंच छळलं, म्हणून हे लिहितोय. खुर्ची काढणं सोपं असतं हो. पुसलं की झालं. पण पुसल्यावर तिथे भोक पडतं, आणि त्या भोकात काय भरायचं? तिथली फरशी कुठून आणायची?

हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे. जुन्या स्टुडिओवाल्यांकडे काचेच्या किंवा मोठ्या फिल्मच्या निगेटिव्ह असायच्या, पोस्टकार्डाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. इतकी मोठी निगेटिव्ह असली की तिच्यावर चक्क हाताने काम करता येतं. निगेटिव्हमध्ये उजेड आणि अंधार उलटे, त्यामुळे तिच्यावर टोकदार पेन्सिलीने शिसं चढवलं की प्रिंटवर तो भाग उजळ होतो. सुरकुत्या घालवायच्या त्या अशा. उलट काही गडद करायचं असेल तर धारदार पात्याने निगेटिव्हचा थर हलकेच खरवडायचा. एक पातं चुकलं की संपलं, 'अन्डू' वगैरे काही नाही. आणि माणसाच्या मागचं सगळंच नको असेल तर त्या जागी अपारदर्शक रंग फासायचा. प्रिंटवर तिथे स्वच्छ पांढरं. जुन्या घरांत भिंतीवर पणजोबांचा फोटो असतो बघा, छातीपर्यंतचा, भोवती नुसतं पांढरं आणि कडा धुरकट. त्या पांढऱ्यामागे काय काय असेल सांगता येत नाही.

म्हणजे त्या कारागिरांनी भोकाचा प्रश्न सोडवला तो असा, की मागे काही बांधायचंच नाही. आणि बांधायचं असेल तर ब्रश घेऊन रंगवायचं. रंगवून बांधण्याचं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण लग्नातलं नाही, रशियातलं आहे. मॉस्कोच्या कालव्याकाठी स्टॅलिनच्या शेजारी त्याचा पोलीसप्रमुख येझॉव्ह चालतोय असा एक फोटो होता. येझॉव्हला १९४०मध्ये गोळी घातली, आणि पुढे त्याच फोटोतून तो गेला. तो उभा होता तिथे कालव्याचं पाणी आणि काठाचा कठडा आला. मला त्यात थक्क करतं ते त्याचं जाणं नव्हे, ते पाणी. कुणीतरी एक कारागीर बसून, एका माणसाच्या आकाराचं पाणी रंगवत होता, आजूबाजूच्या पाण्याशी जुळेल असं. आपल्या बहिणीच्या फोटोतली फरशी रंगवताना माझ्या मनात हे आलं आणि मी जरा दचकलोच. असो.

मग रंगीत रोलचा जमाना आला आणि हे सगळं घरगुती फोटोंतून जवळजवळ नाहीसं झालं. कारण साधं आहे. पस्तीस मिलिमीटर रोलच्या एका निगेटिव्हचा आकार २४ बाय ३६ मिलिमीटर. त्यात आजीचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्यावर पेन्सिल कोण चालवणार? शिवाय रोल लॅबमध्ये जायचा, मशीन धडाधड प्रिंट काढायचं. म्हणून साधारण सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून दोन हजार सालापर्यंतच्या आपल्या घरातल्या लग्नाच्या फोटोंत जे होतं ते सगळं राहिलं. खांब राहिले, वायरी राहिल्या, वाकून पंगतीत मीठ वाढणाऱ्या मामांची पाठ राहिली. आधीच्या पिढीचे फोटो रंगवलेले, नंतरच्या पिढीचे कॉम्प्युटरवर धुतलेले. मधली वीसेक वर्षं तेवढी जशीच्या तशी. (आपण तेव्हा वाईट दिसत होतो असं नाही मंडळी, फक्त कुणी दुरुस्त केलं नाही :-) )

कॉम्प्युटरने काय बदललं? फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० सालची, आणि तिच्यातही रबर स्टॅम्पचं एक अवजार होतं. फोटोतला एक तुकडा उचलायचा आणि दुसरीकडे उमटवायचा. म्हणजे रंगवण्याऐवजी नक्कल. २००२मध्ये हीलिंग ब्रश आला, तो नक्कल करताना आजूबाजूच्या रंगाशी मिळतं करून घेतो. २०१०पासून फोटोशॉपला नुसतं भोक दाखवलं की तो स्वतःच फोटोभर फिरून सारखे दिसणारे तुकडे हुडकतो आणि भोक बुजवतो. गवत, आकाश, समुद्र असेल तर हे फार झकास होतं. फरशीवर मात्र त्याची फजिती होते, कारण फरशीला रेघा असतात आणि त्या रेघा कुठेतरी जात असतात.

तर आता आमचा फोटो. मी 'गिंप' वापरतो, फुकट आहे म्हणून. सहा बाय चार इंचाची प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केली, म्हणजे ३६०० बाय २४०० पिक्सेल झाले. त्यात खांबाची जाडी भरली पावणेदोनशे पिक्सेल. आधी मूर्खासारखा सरळ खांबावर तुटून पडलो, बाजूची साडी उचलून खांबावर उमटवत. अर्ध्या तासात आजीला तीन खांदे झाले. मग थांबलो आणि काकूला फोन केला, "निगेटिव्ह आहेत का हो?"

होत्या. काकूने गोदरेजच्या कपाटात, चांदीच्या भांड्यांखाली ठेवल्या होत्या. काही पट्ट्यांना बुरशी आली होती, पण आमची पट्टी शाबूत निघाली. आणि त्या पट्टीवर, आमच्या फोटोच्या लगेच पुढची फ्रेम होती, जिची प्रिंट अल्बममध्ये लावलीच नव्हती कारण तीत नवरदेवाचे डोळे मिटलेले. फोटोग्राफरने पहिला फोटो काढला, फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले, तेवढ्यात तो एक पाऊल उजवीकडे सरकला आणि दुसरा काढला.

हे एक पाऊल म्हणजे काय चीज आहे ते सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. खांब कॅमेऱ्यापासून साधारण दोन मीटरवर, आजी सहा मीटरवर. खांब दहा सेंटिमीटर जाड, पण तो जवळ असल्यामुळे आजीच्या अंतरावर तिप्पट, म्हणजे तीस सेंटिमीटर जागा झाकतो. एका माणसाचा चेहरा आणि खांदा. आता फोटोग्राफर तीस सेंटिमीटर सरकला, तर आजीच्या अंतरावर खांबाची 'सावली' सरकते साठ सेंटिमीटर, म्हणजे झाकलेल्या जागेच्या दुप्पट. अख्खी आजी मोकळी! हे तुम्ही आत्ता करून बघा. डोळ्यासमोर बोट धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर टुणकन उडी मारतं. बोट जितकं जवळ, उडी तितकी मोठी.

म्हणून खांबामागचं मला बनवावं लागलं नाही. ते दुसऱ्या फ्रेममध्ये खरंखुरं होतं. दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवले, सोफ्याच्या नक्षीवरून जुळवले, किंचित फिरवले, आणि खांबाच्या पट्टीत खालची फ्रेम दिसू दिली. सोफा, साडीच्या निऱ्या, पडदा, सगळं चपखल बसलं. चेहऱ्यापाशी घोळ झाला. पाच सेकंदांत आजीने मान जरा वळवली होती, त्यामुळे अर्धा चेहरा पहिल्या फोटोतला आणि अर्धा दुसऱ्यातला असा जोड दिला की ती भलतीच कुणीतरी बाई दिसायला लागली. शेवटी चेहरा पूर्ण दुसऱ्या फ्रेममधला घेतला. डोक्यावरचा हात पहिल्यातला, चेहरा पाच सेकंदांनंतरचा. बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चालेल. आजी पाच सेकंदांत काय बदलणारे?"

खुर्च्यांचं गणित मात्र उलटं. त्या चार मीटरवर होत्या, आणि त्यांच्या मागची फरशी आणि स्टेजची झालर जेमतेम मीटरभर पुढे. फोटोग्राफर तीस सेंटिमीटर सरकला तरी मागचं सरकतं फक्त सात-आठ सेंटिमीटर, आणि खुर्ची अर्ध्या मीटरची. म्हणजे दुसऱ्या फ्रेममध्येही त्यांच्या मागचं दिसत नव्हतं. जे मधे नाक खुपसून उभं असतं ते काढणं सोपं, आणि जे कोपऱ्यात गुपचूप असतं ते काढणं अवघड, असा हा उफराटा कारभार.

इथे फरशी बांधावीच लागणार होती. कार्यालयाची फरशी मोझॅकची, दहा इंची चौकोन, करड्यावर पांढरे-काळे दगडाचे तुकडे. पहिलं काम, सांध्यांच्या रेघा. खुर्च्यांच्या डावी-उजवीकडे दिसणाऱ्या सांध्यांवर रेघा ओढून त्या पुढे वाढवल्या. आत जाणाऱ्या सगळ्या रेघा वर एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. मिळाल्या की जाळी तयार. जाळी बरोबर आहे का हे तपासायला खुर्च्यांनीच मदत केली. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीला उभ्या फटी असतात ना, त्या फटींतून मागची फरशी बारीक बारीक दिसत होती. एका फटीत सांध्याचा तुकडा सापडला आणि तो माझ्या रेघेवर बरोबर बसला. मी एकटाच टाळी वाजवली. त्या फटींमधले पिक्सेल मी शेवटपर्यंत पुसले नाहीत, तेवढीच काय ती खरी फरशी.

मग चौकोन भरायचे. इथला नियम मी बऱ्याच चुका करून शिकलो, आडवं उचलायचं, उभं नाही. जवळच्या फरशीतले दगड मोठे दिसतात, लांबच्या फरशीतले बारीक. जवळचा चौकोन उचलून लांब लावला की तिथे एकदम खडी पसरल्यासारखी वाटते. त्याच ओळीतला बाजूचा चौकोन घेतला तर दगडांचा आकार, धूसरपणा, सगळं जुळतं. पण एकच चौकोन दोनदा घ्यायचा नाही. माणसाचा डोळा भारी असतो, बदामाच्या आकाराचा एकच काळा दगड दोन ठिकाणी दिसला की त्याला कारण कळत नाही, पण खटकतं. बनवाबनवी पकडायची असेल तर हे जुळे डाग आधी शोधावेत.

दुसरी पकड सावलीची. खुर्च्या गेल्या, पण फ्लॅशने पडलेली त्यांची सावली उजवीकडे स्टेजच्या झालरीवर तशीच राहिली होती. खुर्ची नाही आणि खुर्चीची सावली आहे, भुताटकीच. ती काढली. तरी काहीतरी बोचत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं, फरशी पॉलिशची होती, आणि जिथे खुर्च्या होत्या त्याच्या अलीकडे तिच्यात लालसर झाक उरली होती. लाल खुर्च्यांचं प्रतिबिंब. तीही पुसली. झालरीच्या चुण्या मात्र मी चक्क अंदाजाने घातल्या, तिथे कुठला पुरावाच नव्हता. शेवटी सगळ्या भरलेल्या जागेवर हलकासा रवाळपणा टाकला, नाहीतर हील केलेला भाग लोण्यासारखा गुळगुळीत राहतो आणि आजूबाजूला फिल्मचे कण दिसतात.

राहिलं एक अक्षर. 'शुभविवाह'मधला 'वि' खांबामागे पूर्ण गेला होता. दुसऱ्या फ्रेममध्ये नेमका तिथे व्हिडिओवाल्याने हॅलोजन उंच धरलेला, त्या उजेडात अक्षराच्या जागी पांढराफट्ट गोळा. बाकीच्या फोटोंत पाटी आलीच नव्हती. पण ही काय अडचण आहे का? शब्द सगळ्यांना ठाऊक. आणि त्याच शब्दात पुढे 'वा' आहेच. त्यातला 'व' उचलला, त्याचाच काना आधी उभा केला, वर वेलांटीची कमान काढली, थर्माकोलची जाडी दाखवणारी सावली दिली. इतका बेमालूम 'वि' झाला की सगळ्या फोटोत मला त्याचाच जास्त अभिमान होता.

मे महिन्यात सांगलीला गेलो, प्रिंट मोठी करून नेली. बहीण बघून रडली. मग फोटो काकूच्या हातात गेला. काकूने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "खुर्च्या कुठं गेल्या?"

मी म्हटलं, "काढल्या. वाईट दिसत होत्या."

"वाईट?" काकू म्हणाली. "अरे, तुझ्या काकांनी मुद्दाम आणल्या होत्या त्या. कार्यालयाच्या लोखंडी होत्या, घडीच्या, गंजलेल्या, साड्या फाटायच्या त्यात. आधीच्या एका लग्नात विहीणबाईंचा शालू फाटला आणि केवढं रामायण झालं. म्हणून काका म्हणाले, माझ्या मुलीच्या लग्नात प्लास्टिकच्याच पाहिजेत. मिरजेहून टेम्पोनं मागवल्या दोनशे. सगळं गाव बसून बघत होतं."

काका २०११ साली गेले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत हे सापडेल म्हणून काकूने वही काढायला लावली, आणि खरंच होतं. 'खुर्च्या प्लास्टिक २००, टेम्पो वेगळा.' त्याच्यापुढची रक्कम फुलांच्या खर्चापेक्षा जास्त होती. म्हणजे मी ज्याला कचरा समजून दोन रात्री जागून पुसलं, ती त्या मांडवातली सगळ्यात महागाची शोभा होती.

मी काही बोललो नाही. काकू अजून बघतच होती. मग तिने वर पडद्यावर बोट ठेवलं आणि हसायलाच लागली.

"आणि हा 'वि' कुठनं आला? तो सकाळीच पडला होता की! डिंक का काय ते सुटलं गर्मीनं, पडला आणि त्यावर कुणाचा तरी पाय पडून चुरा झाला. दिवसभर 'शुभवाह' होतं ते. वऱ्हाडातली पोरं येता जाता म्हणत होती, वाह, शुभ वाह! काका किती चिडले होते."

बहिणीला हे माहीतच नव्हतं. नवरीला पाटी कुठे दिसते, तिच्याकडे तर पाठ करून ती दिवसभर बसलेली.

घरी आल्यावर फाईल उघडली. नशिबाने प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरावर ठेवायची सवय आहे, मूळ स्कॅनला हात लावलेला नसतो. 'वि'चा थर बंद केला आणि त्या जागी बाजूच्या पडद्याच्या चुण्या घातल्या. खुर्च्यांचाही थर बंद केला, त्या परत आल्या, लाल झाक आणि सावलीसकट. खांब मात्र काढलेलाच ठेवला. ही दुसरी प्रिंट काकूच्या खोलीत लावली आहे. तिच्यामागे पेन्सिलीने लिहिलंय, "खांब काढला आहे. आजीचा चेहरा पुढच्या फ्रेममधला. 'वि' सकाळी पडला होता." पहिली बहिणीकडे अल्बममध्ये आहे. खुर्च्या नसलेलीच हवी म्हणाली ती, पण तिच्यातला 'वि' तेवढा काढून दे म्हणून माझ्या मागे लागली आहे.